डबे मोजा, मग कोलेस्टेरॉलचं बोलू

कंपनीच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर एकही नाव नव्हतं. वर तपासलेल्यांची संख्या आणि खाली चार ओळी: एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड. प्रत्येकापुढे किती जण मर्यादेबाहेर, तेवढा आकडा. मी सहज विचारलं, "यात पॅकिंगवाले किती, पेंट शॉपवाले किती?" डॉक्टर म्हणाले, "ते कळून तुम्ही काय करणार? त्यांच्या ताटात वेगळी भाजी वाढणार?" मी गप्प बसलो. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात जातो. कँटीनला मिळते ती फक्त बेरीज, आणि ते बरोबरच आहे.

गेली बरीच वर्षं मी कारखान्याची कँटीन चालवतो. दुपारी सहाशेच्या आसपास पानं, रात्री तीनशे. एचआरने त्या कागदाला चिठ्ठी लावून पाठवली होती: 'मेनूत हृदयाला पोषक बदल सुचवावेत. प्रस्ताव १५ दिवसांत.' तो प्रस्ताव कसा लिहिला, कुठे चुकला आणि शेवटी काय मान्य झालं, ते इथे सांगतो. हिशेबाला सोपे पडावेत म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत.

आधी तो कागद वाचायला शिकावं लागलं. एलडीएल म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीत साचणारं कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. आपल्या यकृताच्या पेशींवर हे कण रक्तातून ओढून घेणारी दारं असतात. तूप, डालडा, पाम तेल यांतली संपृक्त चरबी जास्त पोटात गेली की ती दारं कमी होतात आणि कण रक्तातच फिरत राहतात. ट्रायग्लिसराइडचं गणित वेगळं आहे. ते साखर, मैदा, ढीगभर भात आणि दारू यांनी चढतं. आमच्या कागदावर एलडीएलपेक्षा ट्रायग्लिसराइड जास्त असलेले आणि एचडीएल कमी असलेले अधिक होते. डॉक्टर म्हणाले, हे आपल्याकडच्या लोकांचं नेहमीचं चित्र आहे. माझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की गळती दोन नळांतून आहे. एक तेलाच्या डब्याचा, दुसरा साखरेच्या पोत्याचा.

एक गफलतही सापडली. रक्त सकाळी साडेसात ते साडेदहा घेतलं होतं. रात्रपाळी सुटलेले काही जण आधी माझ्याच कँटीनमध्ये पोहे-चहा घेऊन रांगेत उभे राहिले. खाल्ल्यावर ट्रायग्लिसराइड वर जातं. शिवाय बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून काढतात. म्हणजे पोह्यांनी एक आकडा फुगतो आणि दुसरा खोटाच खाली येतो. डॉक्टरांनी त्या लोकांना पुन्हा उपाशीपोटी बोलावलं. त्यांच्यासाठी म्हणून त्यांनी एकूणमधून एचडीएल वजा केलेला आकडाही पाहिला, कारण तो खाण्याने फारसा हलत नाही.

माझा पहिला मसुदा आज वाचला तरी लाज वाटते. 'तळलेले पदार्थ पूर्ण बंद. रोज उकडलेल्या भाज्या व सॅलड. सहा महिन्यांत कर्मचाऱ्यांचे कोलेस्टेरॉल २० टक्क्यांनी कमी होईल.' डॉक्टरांनी शेवटच्या वाक्यावर लाल रेघ मारली. "हे लिहू नका, अडकाल." कारण त्यांनी नीट समजावलं. एकाच माणसाचं ट्रायग्लिसराइड या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात भलतंच असू शकतं. ज्यांचे आकडे पहिल्या तपासणीत खूप वर होते, त्यांपैकी बरेच जण दुसऱ्या वेळी आपोआपच थोडे खाली दिसतील, मेनू बदला किंवा बदलू नका. त्याचं श्रेय कँटीनने घ्यायचं म्हणजे पाऊस पडला म्हणून बेडकाने मिरवण्यासारखं. आणि माणूस माझ्याकडे दिवसातलं एक जेवण जेवतो. उरलेली जेवणं, रविवारचं मटण, घरातला तेलाचा डबा, कोणाच्या घराण्यातच असलेलं कोलेस्टेरॉल, यांतलं काहीच माझ्या हातात नाही. ज्याचं एलडीएल १९० च्या वर आहे त्याने माझ्या भाजीची वाट न बघता डॉक्टर गाठावा.

वरची दोन वाक्यं मी स्वतःच खोडली, कारण तो अनुभव मला आधीच आला होता. दोन वर्षांपूर्वी एका उत्साही साहेबांनी 'तेलमुक्त सोमवार' सुरू केला. एरवी ताटात टाकलेलं अन्न दिवसाला वीसेक किलो निघायचं. त्या सोमवारी पिंप भरून वाहिलं. गेटबाहेरच्या वडापावच्या गाडीवर मात्र रांग लागली होती. चौथ्या सोमवारी तो उपक्रम कोणी बंद न करताच बंद पडला.

मग डॉक्टरांनीच विचारलं, "तुमच्या एका ताटात तेल किती जातं?" मला सांगता येईना. आचाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "लागेल तेवढं."

शेवटी डबे मोजले. महिन्याच्या सुरुवातीचा साठा, त्यात खरेदी मिळवली, शेवटचा साठा वजा केला: १५ किलोचे ६० डबे. म्हणजे ९०० किलो तेल. जेवणं दिवसाला ९००, कामाचे दिवस २६, एकूण २३,४००. भागाकार केला तर एका जेवणामागे, त्याबरोबरच्या नाश्त्यासकट, ३८ ग्रॅम. थोडं भांड्यांना चिकटतं, थोडं सांडतं, पण आकडा फार खाली येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जो आहार सुचवला, त्यात २,००० कॅलरीच्या माणसाला दिवसभराचं वरून घातलेलं तेल-तूप आहे २७ ग्रॅम. अंगमेहनत करणाऱ्याला जास्त चालेल, कबूल. पण आम्ही एकाच पानात दिवसाची मर्यादा ओलांडत होतो.

त्याहून वाईट गोष्ट दुसरीच निघाली. ९०० किलोंत टाकून दिलेलं तेल शून्य होतं. एवढी तळणी चालणाऱ्या कँटीनमध्ये हे शक्यच नाही. मग दोन दिवस भटारखान्यात पहाटे जाऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. रात्री वड्यांच्या कढईत उरलेलं तेल गाळून स्टीलच्या टोपात ठेवायचं आणि सकाळी त्यातच उसळीची फोडणी. यात चोरी कसलीच नव्हती. काटकसर म्हणून वर्षानुवर्षं हेच चालत आलेलं.

वारंवार तापवलेलं तेल तुटतं आणि त्यात धुवीय संयुगं तयार होतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. २०१८ पासून तो नियम आहे. मोजायला मीटर किंवा कागदी पट्ट्या मिळतात, पण डोळ्यांनीही अंदाज येतो. तेल काळपट होतं, झाऱ्यावरून तारेसारखं उतरतं, पदार्थ सोडला की बारीक फेस येऊन बसत नाही, आणि कढई नेहमीपेक्षा लवकर धुराते. आमच्या टोपातल्या तेलात यांतली तीन लक्षणं होती.

आता डब्यात होतं काय? पामोलीन. कँटीनवाल्याला ते का आवडतं हे मला पक्कं ठाऊक आहे. स्वस्त, कढईत टिकाऊ, फेस कमी, आणि स्वतःची चव नाही. पण त्याच्या १०० ग्रॅममध्ये संपृक्त चरबी ४० ग्रॅमच्या वर असते. सोयाबीनमध्ये ती १५ च्या आसपास, शेंगदाण्यात वीसच्या आत, राइस ब्रानमध्ये वीसच्या थोडी वर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की दिवसाच्या ऊर्जेत संपृक्त चरबी १० टक्क्यांच्या आत असावी; २,००० कॅलरीला हे २२ ग्रॅम झाले. आमच्या ३८ ग्रॅम पामोलीनमध्येच १६ ग्रॅम जात होते. दूध, दही, अंडं, मटण अजून मोजलेलंच नाही.

डबा बदलल्याने काही होतं का, हा प्रश्न मॅनेजमेंट विचारणार हे उघड होतं. त्यासाठी मी प्रस्तावात मॉरिशसचं उदाहरण घातलं. मराठी माणसांची जुनी वस्ती असलेला हा देश. तिथे रेशनचं तेल बहुतांशी पाम असायचं. १९८७ मध्ये सरकारने ते बदलून सोयाबीन केलं. १९९२ मध्ये पुन्हा तपासणी झाली तेव्हा लोकांचं सरासरी एकूण कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅमने उतरलेलं दिसलं. त्या काळात तिथे आरोग्याच्या इतर मोहिमाही चालू होत्या, त्यामुळे सगळी घट तेलाच्या खात्यात टाकता येत नाही. तरी दुकानात जाणाऱ्या कोणालाही 'हे खाऊ नका' न सांगता नुसत्या डब्यातला माल बदलला, ही गोष्ट मला मोलाची वाटली. माझ्या हातात तेच होतं. माझं रेशन मीच भरतो.

पण सगळीकडे एकच तेल चालत नाही. सोयाबीन फोडणीला उत्तम, कढईत मात्र वारंवार तापवलं की लवकर खराब होतं. म्हणून प्रस्तावात दोन तेलं आली: फोडणी आणि रश्शाला सोयाबीन, तळणीला राइस ब्रान. तळण आठवड्यातून पाच दिवस होतं, ते दोन दिवस. कढईतलं तेल त्याच तळणीपुरतं; नंतर पिंपात, आणि पिंप जैवइंधनासाठी वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संकलकाकडे. फोडणीत पुन्हा एक थेंबही नाही.

कागदावर हे सोपं होतं. खरी बोलणी झाली ती आमच्या आचारी महाराजांशी. ते म्हणाले, "साहेब, तेल कमी करतो, पण तर्री दिसली नाही तर लोक म्हणतील भाजी पाण्यात उकडली." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तिखटाचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. तवंग नसला की रस्सा फिका दिसतो, आणि डोळ्यांना फिका दिसला की जिभेलाही फिकाच लागतो.

उपाय महाराजांनीच काढला. भाजी शिजवायची निम्म्या तेलात. कांदा-खोबरं तेलात पोहत न ठेवता आधी कोरडंच खरपूस भाजून वाटायचं. घट्टपणासाठी तेलाऐवजी शिजलेली डाळ घोटून घालायची. आणि वेगळ्या पातेल्यात थोड्या तेलात बेडगी मिरचीची पूड मंद आचेवर फुलवून लालभडक तर्री करून ठेवायची. पान वाढताना वाटीवर एक छोटा चमचा, साधारण चार ग्रॅम. मी वाटी हातात घेऊन बघितली. वर नेहमीसारखा लाल तवंग, पण ढवळलं की खाली तेलाचा थर नाही. वर तरंगणारे चार ग्रॅम सगळ्यांना दिसतात. आत मुरलेले वीस ग्रॅम कोणी पाहिलेलेच नसतात. चाचणीच्या दिवशी ताटांतलं उष्टं नेहमीएवढंच निघालं, तेव्हा मी महाराजांना हात जोडले.

अडचण आली ती ओतण्याच्या सवयीची. महाराज डबा वाकवून तेल ओततात आणि 'पुरे' हे त्यांच्या मनगटाला कळतं. आम्ही अर्ध्या लिटरचे स्टीलचे मग आणले आणि प्रत्येक पातेल्यावर खडूने मगांची संख्या लिहिली. शंभर पानांच्या रश्शाला तीन मग.

साखरेचा नळ हळूच आवळला. आमच्या चहाच्या पातेल्यात १० लिटरला एक किलो साखर पडायची, म्हणजे छोट्या कपात १० ग्रॅम. दिवसातून चार चहा म्हटले तर ४० ग्रॅम नुसत्या चहातून. दर पंधरवड्याला १०० ग्रॅम कमी करत गेलो. ८०० ग्रॅमपर्यंत कोणी हूं की चूं केलं नाही. ७०० ला मशीन शॉपमधून तक्रार आली, तेव्हा काउंटरवर साखरेची बरणी ठेवली. ज्याला हवी त्याने घ्यावी. बरणी दिवसभरात जेमतेम अर्धी होते.

चहाबरोबरच्या खारीचा पापुद्रा सुटतो तो चरबीच्या थरांमुळे. २०२२ पासून तेल-चरबीतली ट्रान्स चरबी दोन टक्क्यांवर आणली गेली, हे चांगलंच झालं. पण बेकरीच्या घट्ट चरबीत संपृक्त भाग राहतोच. घट्टपणा त्याचाच असतो. खारी मी बंद केली नाही, काउंटरच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिच्या जागी फुटाणे-शेंगदाणे आणि मंगळवार-शुक्रवार मटकीची उसळ. उसळीतला, डाळीतला, भेंडीतला बुळबुळीत तंतू आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो आणि नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. एवढं ऐकल्यावर महाराजांनी भेंडीला पहिल्यांदाच आदराने हात लावला.

आता कँटीन समिती. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून मोठ्या कारखान्यात कँटीन आणि तिच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी, ही व्यवस्था चालत आलेली आहे. आमच्याकडे तर मेनू युनियनच्या करारात लिहिलेला आहे: आठवड्यातून दोनदा गोड, बुधवारी अंडं किंवा चिकन, वगैरे. बैठकीत एक भाऊ सरळच म्हणाले, "मॅनेजर साहेब, आजार आमचा सांगता आणि बचत कंपनीची करता, असं तर नाही ना?" प्रश्न रास्त होता. मी हिशेबाचा कागद त्यांच्याकडेच सरकवला.

आधी महिन्याला ९०० किलो तेल, त्या महिन्याच्या कोटेशनप्रमाणे १३० रुपये दराने १,१७,००० रुपये. नव्या पद्धतीत ४२ डबे, म्हणजे ६३० किलो. दोन्ही तेलांचा सरासरी भाव १५० धरला तर ९४,५००. वाचले २२,५००. हे पैसे कंपनीला परत न जाता ताटातच जातील. दर पानामागे १५ ग्रॅम जास्त डाळ किंवा कडधान्य, १२० रुपये किलोने १ रुपया ८० पैसे, महिन्याला ४२,१२०. म्हणजे कंपनीनेच १९,६२० रुपये वर टाकायचे. पानामागे ८४ पैसे. भाऊंनी मोबाइलवर गुणाकार करून बघितला आणि मग म्हणाले, "बुधवारचं अंडं राहू द्या आणि शनिवारचा वडा राहू द्या. बाकी करा." अंड्याला तर मीही हात लावणार नव्हतो. एका अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा ते ज्या तेलात परततो त्याची बहुतेकांना जास्त काळजी हवी. वडा तळणीच्या दोन दिवसांत बसतच होता.

अंतिम प्रस्ताव दीड पानाचा झाला. विषय: 'खाद्यतेल व मेनूत बदल, सहा महिन्यांचा प्रयोग'. कोलेस्टेरॉल उतरेल असं वचन कुठेही नाही. मी देऊ शकतो तेच लिहिलं: ६० डब्यांचे ४२, त्यातलं ६० किलो तळणीनंतर बाहेर, म्हणजे ताटात जाणारं तेल ३८ ग्रॅमवरून २४ वर, त्यातली संपृक्त चरबी १६ ग्रॅमवरून पाचच्या आत, आणि उष्टं रोज तोलून त्याचा आकडा. उष्टं दीडपट झालं तर प्रयोग थांबवून पदार्थ बदलायचा, हेही मीच लिहून दिलं. पुढच्या वर्षीच्या तपासणीचं काम डॉक्टरांचं, आणि यंदा सगळे उपाशीपोटी.

मंजुरी आली. सोबत अकाउंट्सची एक ओळ: 'वाढीव खर्च वेगळ्या शीर्षाखाली दाखवावा.' पहिल्या महिन्याअखेर मी स्वतः रिकामे डबे मोजले. ४२ च्या जागी ४७ निघाले.

दिवसपाळीचा हिशेब चोख होता. जास्तीचे पाच डबे रात्रपाळीत गेले होते. रात्री अकराला जाऊन पाहिलं. रात्रीचे आचारी नेहमीप्रमाणे डबा वाकवून ओतत होते. "मग कुठे आहे?" विचारलं, तर त्यांनी तांदळाच्या पिंपाकडे बोट दाखवलं. अर्ध्या लिटरचा मग तांदूळ मोजायला फार सोयीचा पडत होता. दुसऱ्या दिवशी तांदळासाठी वेगळा मग आणला आणि तेलाच्या मगाची कडी साखळीने डब्याच्या घोडीला बांधून टाकली.